‘फ्रॅक्चर नाही’ म्हटल्यानंतरचं मनगट

सकाळी पावणेआठ

थिएटरकडे वळण्याआधी आजच्या पेशंटच्या फिल्म्स मी आणि माझी रेसिडेंट व्ह्यू-बॉक्सवर लावून बघतो. मुलगा २८ वर्षांचा, शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर कामाला. पावसात मोटरसायकल घसरली आणि तो उजवा तळहात टेकून पडला. त्या रात्री एका कॅज्युअल्टीत एक्स-रे निघाला, फ्रॅक्चर नव्हतं, म्हणून क्रेप बँडेज बांधून आठवड्याच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण जॉब चकमध्ये कसायला गेला की मनगटाच्या मागच्या बाजूला कळ यायची आणि हातातलं बळ जायचं. आमच्याकडे आला तेव्हा चार आठवडे होत आले होते.

रेसिडेंट म्हणाली, “सर, पहिल्या रात्रीच्या फिल्ममध्ये फट जवळजवळ नव्हतीच. अडीच मिलिमीटर. कुणी सोडून दिलं असतं तर दोष कसा द्यायचा?”

फट म्हणजे स्कॅफॉइड आणि ल्युनेट या मनगटातल्या दोन शेजारी हाडांमधली जागा. तीन मिलिमीटरच्या वर गेली की संशय घ्यायचा, पाचच्या वर गेली की फार वाद उरत नाही. १९७७ साली व्हिक्टर फ्रँकेल यांनी या खुणेला टेरी-थॉमस या इंग्रज विनोदी नटाचं नाव दिलं, त्याच्या समोरच्या दोन दातांत मोठी फट होती म्हणून. नाव एवढं गमतीदार आहे की विद्यार्थी ते जन्मभर विसरत नाहीत आणि मग फक्त फटच शोधत बसतात. माझी तक्रार तिथेच आहे. ही दोन हाडं एकमेकांपासून दूर जाण्याच्या कितीतरी आधी विरुद्ध दिशांना वळतात, आणि ते वळणं पहिल्या रात्रीच्या फिल्ममध्येही दिसत होतं.

मी तिला फट सोडून स्कॅफॉइडचा आकार बघायला सांगितला. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हे हाड लांबट दिसायला हवं. इथे ते आखूड झालं होतं आणि त्याच्या खालच्या टोकाशी एक गोल कडं उमटलं होतं. हाड तळहाताकडे वाकलं की त्याचं टोक आपल्याला समोरून दिसतं, त्याची कड म्हणजे ते कडं. क्रेप बँडेज बांधलं त्या रात्री ते तिथे होतं.

मग बाजूची फिल्म. ती खरोखर बाजूची आहे का, हे आधी ठरवायचं, नाहीतर पुढची सगळी मोजणी फुकट. पिसिफॉर्म या वाटाण्याएवढ्या हाडाची पुढची कड स्कॅफॉइडच्या टोकाच्या आणि कॅपिटेटच्या पुढच्या कडांच्या मध्ये पडायला हवी. आजच्या फिल्ममध्ये ती पडत होती. ल्युनेटच्या दोन शिंगांना जोडणारी रेघ काढून तिला लंब टाकला, स्कॅफॉइडच्या अक्षाची रेघ काढली आणि दोन्हींमधला कोन मोजला. तो ३० ते ६० अंशांच्या दरम्यान असावा, सरासरी ४७. या मुलाचा ७८ भरला. ल्युनेटचं तोंड हाताच्या मागच्या बाजूला वळलेलं.

असं का होतं ते तिने परवा विचारलं होतं, आज चित्र समोर होतं म्हणून सांगितलं. स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम ही वरच्या रांगेतली तीन हाडं हलवायला त्यांना स्वतःचा एकही स्नायू चिकटलेला नाही. खालून बोटांकडची हाडं ढकलतात, वर अग्रबाहूचं हाड, आणि मधे सापडलेल्या या रांगेने जिकडे रेटा येईल तिकडे जायचं. रेटा आला की स्कॅफॉइड तळहाताकडे वाकायला बघतो, ट्रायक्वेट्रम उलट, हाताच्या पाठीकडे. ल्युनेट या दोघांच्या मधे, दोन्हीकडच्या लिगामेंटनी बांधलेला, म्हणून सरळ उभा. स्कॅफॉइडकडचं लिगामेंट तुटलं की स्कॅफॉइड आडवा पडतो आणि ल्युनेट ट्रायक्वेट्रमच्या मागोमाग वळतो. लिनशीड, डोबिन्स आणि त्यांच्या मेयो क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांनी १९७२ साली हे नीट मांडलं. त्याला आम्ही ‘डिसी’ म्हणतो, त्यांच्या लांबलचक नावाचं लघुरूप.

शेवटची फिल्म दोन्ही मुठी घट्ट आवळून, दोन्ही मनगटं एकाच प्लेटवर. मूठ आवळली की कॅपिटेटचं डोकं त्या दोन हाडांमध्ये पाचर मारतं. उजवीकडे फट साडेचार मिलिमीटर, डावीकडे दोन. ही फिल्म काढायला वेगळं यंत्र लागत नाही, वेगळा खर्चही नाही. फक्त एक्स-रेच्या चिठ्ठीवर तसं लिहावं लागतं.

सव्वानऊ

सोनोग्राफी बघत गळपट्टीच्या हाडावर ब्लॉक दिला आहे, मुलगा जागा आहे आणि पडद्यापलीकडून भूलतज्ज्ञ मॅडमशी लेथच्या स्पीडबद्दल बोलतो आहे. दंडावरचा टूर्निकेट २५० वर. बोटांना जाळीच्या नळ्या अडकवून हात उभा टांगला, साडेचार-पाच किलोचा ताण.

थेट उघडून टाके घालता आले असते. तरी आधी दुर्बीण घालायची, कारण दोन गोष्टी फिल्मवर कळत नाहीत आणि एमआरआयवरही भरवशाने कळत नाहीत: लिगामेंट किती तुटलं आहे, आणि सांध्याचं कूर्चेचं अस्तर शाबूत आहे का. अस्तर घासलं गेलं असेल तर आजचं ऑपरेशनच बदलतं.

लिस्टरच्या उंचवट्याच्या एक सेंटिमीटर पुढे पहिलं भोक. आत स्कॅफॉइड, त्याच्या शेजारी ल्युनेट, आणि जिथे गुळगुळीत, किंचित खोलगट पट्टा असायला हवा तिथे लोंबणारे धागे. कूर्चा पांढरी, चकचकीत. एवढं दिसल्यावर मला बरं वाटलं. मग खालच्या सांध्यात दुसरं भोक घेऊन तिकडून बघितलं. लिगामेंट धड असेल तर इथून दोन हाडं एका पातळीत दिसतात आणि मधे सुईसुद्धा जात नाही. गाइस्लर यांनी १९९६ साली चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीत लिगामेंट नुसतं ताणलेलं, दुसरीत हाडांची पातळी बिघडलेली, तिसरीत मधून प्रोब जातो, चौथीत २.७ मिलिमीटरची दुर्बीणच आरपार निघते. आमची निघाली. वरच्या सांध्यातून खालच्या सांध्यात, काही न अडता.

रेसिडेंटने विचारलं, “मग टाके पुरतील? की टेंडनची पट्टी घ्यायची?”

त्याचं उत्तर उघडल्यावरच. मनगटाच्या मागच्या बाजूला मधोमध उभा छेद, अंगठ्याचं लांब टेंडन बाजूला, चौथ्या कप्प्याच्या तळाशी मागच्या आंतरास्थी मज्जातंतूचं टोक दिसलं. त्याचा छोटा तुकडा कापून काढला. ते फक्त सांध्यातली वेदना वर पोचवतं, बोटं हलवायच्या कामी येत नाही. कॅप्सूल लिगामेंटच्या धाग्यांच्या दिशेनेच उघडलं, आडवं कापलं नाही. ते आडवं कापून आपणच आणखी एक आधार तोडायचा नाही.

हे लिगामेंट इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं असतं. पुढचा भाग पातळ, वरचा मधला भाग पडद्यासारखा, आणि मागचा भाग दोन-तीन मिलिमीटर जाड. खरा भार हा मागचा भाग घेतो. म्हणूनच आम्ही मागून शिरतो. ते बहुतेक वेळा स्कॅफॉइडकडच्या बाजूने उपटतं आणि तुटकं टोक ल्युनेटला चिकटून राहतं. इथेही तसंच होतं. चिमट्यात धरून ओढलं, टोक आलं. आखडलं होतं, कडेला थोडं विरलं होतं, पण टाका धरत होतं. आणखी महिना-दीड महिना गेला असता तर हेच टोक विरघळून व्रणाच्या मऊ जिलेटिनसारख्या थरात मिसळलं असतं आणि मग पट्टीशिवाय इलाज नव्हता. सहा आठवड्यांची मर्यादा सांगतात, ती काही दगडावरची रेघ नव्हे. कुणाचं टोक तिसऱ्या महिन्यातही मिळतं, कुणाचं पाचव्या आठवड्यात गेलेलं असतं. पण उशीर होईल तसा कौल फिरत जातो, यात शंका नाही.

आता या ऑपरेशनचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी दिसणारा भाग. हाडं आधी जागेवर आणायची, टाके नंतर. दोन्ही हाडांत मागून एकेक १.६ मिलिमीटरची के-वायर घातली. स्कॅफॉइडमधली बोटांकडे झुकलेली, ल्युनेटमधली कोपराकडे. मग दोन्ही तारा धरून एकमेकींकडे आणल्या: स्कॅफॉइडची कोपराकडे, म्हणजे वाकलेलं हाड उभं राहतं, आणि ल्युनेटची बोटांकडे, म्हणजे मागे वळलेलं हाड सरळ होतं. तारा समांतर झाल्या, फट मिटली. नवखा सर्जन इथे फसतो. तो दोन हाडं आडवी दाबून फट बुजवतो, समोरची फिल्म सुंदर दिसते, आणि बाजूच्या फिल्ममध्ये कोन तसाच ७५ राहिलेला असतो. वळलेली हाडं वळलेल्या अवस्थेतच शिवली गेली, असा त्याचा अर्थ.

म्हणून सी-आर्मखाली आधी बाजू बघितली. कोन ५२. मग १.२ मिलिमीटरच्या तारा: दोन स्कॅफॉइडमधून ल्युनेटमध्ये, एक स्कॅफॉइडमधून कॅपिटेटमध्ये. स्कॅफॉइडच्या मागच्या कडेला हाड खरवडून रक्त येईपर्यंत ताजं केलं, तिथे दोन छोटे अँकर बसवले आणि त्यांच्या धाग्यांनी लिगामेंटचं टोक ओढून शिवलं. अँकर परवडत नसतील तर हाडातून बारीक भोकं पाडून टाके ओवायचे. जुनी पद्धत, वेळ जास्त लागतो, काम होतं. शेवटी कॅप्सूलची एक पट्टी मागून स्कॅफॉइडवर शिवून थोडा जादा आधार दिला. तारांची टोकं कातडीखाली कापली, कारण या तारा आठ आठवडे राहणार आणि बाहेर ठेवल्या तर त्यांच्या वाटेने जंतू शिरतो.

बारा

बाहेर आई बसल्या आहेत. “साहेब, त्या टायमाला हाड मोडलं न्हाई म्हनले हुते. मग आता ह्या तारा कशापायी?”

“आई, हाड नाहीच मोडलं. हाडं बांधणारी दोरी तुटली. ती शिवली, पण शिवण जुळेपर्यंत हाडं हलू नयेत म्हणून तारा.”

“लेथवर जाईल न्हवं?”

इथे मी नेमकं बोलतो, कारण नंतर कुरकुर होते ती इथे गोड बोलल्यामुळे. आठ आठवडे प्लास्टर, मग छोट्या ऑपरेशनने तारा काढायच्या, मग महिनाभर काढता-घालता येणारा स्प्लिंट. हलकं काम साडेतीन-चार महिन्यांनी, जड जॉब उचलणं सहा महिन्यांनी. आणि मनगट पूर्वीइतकं वाकणार नाही, विशेषतः पुढे. कधीच नाही. हे ऐकून त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “वाकलं न्हाई तर न्हाई, दुखू ने.” ऑपरेशनचं उद्दिष्ट मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

साडेबारा ते अडीच, ओपीडी

ओपीडीत बहुतेक ट्रिगर फिंगर, कार्पल टनेल, भाजलेल्या हातांची ड्रेसिंग्ज. त्यातले दोन पेशंट आजच्या विषयाचे.

पहिली, कॉलेजात कबड्डी खेळणारी मुलगी. दुसरीकडून एमआरआय करून आली आहे, रिपोर्टमध्ये ‘स्कॅफोल्युनेट रुंदी वाढलेली, लिगामेंट फाटल्याची शक्यता’ आणि सोबत ऑपरेशनचा सल्ला. दुखतंय करंगळीच्या बाजूला. मनगट कडकड वाजतं, पण ते शाळेपासून वाजतं. मी वॉटसन यांची चाचणी केली. स्कॅफॉइडच्या पुढच्या उंचवट्यावर अंगठा दाबून धरायचा, मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे न्यायचं आणि अंगठा सोडायचा. लिगामेंट गेलेलं असेल तर हाड मागच्या कडेवरून घसरून ‘टक्’ करत जागेवर परत येतं आणि पेशंट हात ओढून घेतो. हिच्या उजव्या मनगटात टक् झालं, डाव्यातही झालं, कळ कुठेच नाही. सांधे सगळेच सैल. अंगठा मागे नेला तर अग्रबाहूला टेकतो. मुठींची फिल्म काढली: उजवीकडे चार मिलिमीटर, डावीकडे चार. कोन दोन्हीकडे ५०च्या आसपास. ही तिची जन्मजात रचना. दुखणं वेगळ्याच टेंडनचं, त्यावर इलाज सुरू केला. दुसरी बाजू न बघता केलेलं निदान या विषयात निम्मं निदानसुद्धा नसतं.

दुसरे, शाळेतले एक क्रीडाशिक्षक, वय ३४. गेल्या वर्षी व्हॉलीबॉल खेळताना पडले, आठ महिन्यांनी आले, तोवर टोक शिल्लक नव्हतं. हाडं मात्र हाताने जागेवर येत होती आणि कूर्चा चांगली होती, म्हणून टेंडनची पट्टी. ही कल्पना इटलीतल्या ब्रुनेली यांची, १९९५ची. बार्सेलोनातल्या गार्सिया-एलियास यांनी २००६ साली तिची सुधारलेली आवृत्ती छापली, आम्ही तीच करतो. मनगट वाकवणाऱ्या एका टेंडनची पातळ पट्टी काढायची, पण बोटांकडचं मूळ तसंच ठेवायचं. ती स्कॅफॉइडमधल्या बोगद्यातून पुढून मागे न्यायची, ल्युनेटवर खाच करून तिथे अँकरने बसवायची, ट्रायक्वेट्रमकडे जाणाऱ्या मागच्या लिगामेंटभोवती वळसा घालून परत स्वतःवरच शिवायची. ऑपरेशनला आता पाच महिने झाले.

“डॉक्टर, दुखत नाही. पण परवाच्या फिल्ममध्ये फट परत दिसतेय. मी स्वतः मोजली, तीन मिलिमीटर.”

मोजली असणारच, शिक्षक आहेत. त्यांना मी खरं ते सांगितलं. पट्टीच्या ऑपरेशननंतर फट थोडी परत उघडणं नेहमीचं आहे, वर्षानुवर्षांच्या फिल्म्स ऑपरेशन टेबलावरच्या फिल्मइतक्या सुंदर राहत नाहीत. दुखणं आणि पकड मात्र बहुतेकांची टिकते. मला कोन बघायचा होता. तो ६२ होता, ऑपरेशनआधी ८० होता. चालेल. सर्व्हिस अजून नको, शिट्टी वाजवायला हरकत नाही.

तीन

थेरपी विभागात आमच्या हँड थेरपिस्ट ताई एका मुलाला डार्ट फेकायची हालचाल शिकवत होत्या. मनगट मागे आणि अंगठ्याकडे नेऊन तिथून पुढे आणि करंगळीकडे आणायचं, तिरकं. सरळ पुढे-मागे केलं तर वरच्या रांगेतली हाडं एकमेकांवर फिरतात आणि शिवणीवर ताण येतो. या तिरक्या रेषेत हालचाल बरीचशी खालच्या सांध्यात होते, स्कॅफॉइड आणि ल्युनेट जवळपास स्थिर राहतात. हातोडा मारतानाही आपण याच रेषेत हलतो. गावाकडून आलेल्या पेशंटना ताई डार्ट शब्दच वापरत नाहीत, गोट्या मारायला सांगतात. काम तेच.

बळ वाढवण्यातही निवड असते. मनगट पुढे वाकवणारं अंगठ्याकडचं टेंडन स्कॅफॉइडला सावरतं, ते आधी. करंगळीकडचं मनगट मागे ओढणारं टेंडन एकट्याने जोरात वापरलं की तुटलेली जागा फाकते, ते शेवटी.

साडेचार

आजचा सगळ्यात अवघड पेशंट औषधाने बरा होणारा नाही आणि ऑपरेशनसाठी तयार नाही. गवंडी तात्या, वय ५६. वीसेक वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, तेव्हा गावातल्या वैदूकडून बांधून घेतलं. नंतर कधी दुखायचं, कधी नाही. गेल्या दोन वर्षांत थापी धरताना रात्रीही ठणकतं.

फिल्मवर पूर्ण कथा होती. १९८४ साली वॉटसन आणि बॅलेट यांनी चार हजार मनगटांच्या फिल्म्स तपासून दाखवलं की मनगटाची झीज वाटेल तिथे सुरू होत नाही, तिची एक ठरलेली वाट आहे. त्या वाटेला आम्ही ‘स्लॅक’ म्हणतो. आधी स्कॅफॉइड आणि अंगठ्याकडचा अग्रबाहूचा सुळका यांच्यात, मग स्कॅफॉइडच्या सगळ्या खोबणीत, आणि शेवटी कॅपिटेट वाकड्या ल्युनेटवर बसत बसत त्यांच्यामध्ये. तात्यांची तिन्ही ठिकाणं गेली होती. कॅपिटेट इतका वर सरकला होता की स्कॅफॉइड आणि ल्युनेटमधून जवळजवळ आत घुसला होता.

पण ल्युनेट आणि अग्रबाहूच्या हाडामधली जागा स्वच्छ होती. वीस वर्षांनंतरही. त्याचं कारण खोबणींच्या आकारात आहे. ल्युनेटची खोबण चेंडूच्या बैठकीसारखी गोल, म्हणून ल्युनेट कितीही वळला तरी तो पूर्ण पृष्ठभागावर टेकतो. स्कॅफॉइडची खोबण लांबट. एकावर एक ठेवलेल्या दोन चमच्यांपैकी वरचा थोडा फिरवला तर तो फक्त कडांवर टेकतो, तसा वळलेला स्कॅफॉइड कडांवर उभा राहतो, आणि सगळा भार त्या कडा खातात. शिल्लक राहिलेला हा एक सांधाच आमचं भांडवल. त्याच्यावर ऑपरेशन उभं करायचं.

दोन वाटा आहेत. वरच्या रांगेतली तिन्ही हाडं काढून कॅपिटेटला ल्युनेटच्या खोबणीत बसवायचं, किंवा फक्त स्कॅफॉइड काढून उरलेल्यांपैकी चार हाडं एकत्र जुळवायची. पहिली सोपी, तारा लवकर निघतात, हाड जुळायची वाट बघायला नको. पण त्यासाठी कॅपिटेटचं डोकं चांगलं हवं, आणि तात्यांचं तेच घासलेलं आहे. म्हणून चार हाडांची जुळणी. तिच्यात आधी ल्युनेट सरळ करावा लागतो, नाहीतर हाडं जुळतात पण मनगट मागे नेताना अग्रबाहूच्या कडेवर आपटतं. हालचाल साधारण निम्मी उरते. आणि तंबाखू बंद करावी लागते, नाहीतर हाडं जुळत नाहीत. तात्यांच्या खिशातल्या पुडीकडे बघत मी हे दोनदा सांगितलं.

“निम्मं वाकलं तर गिलावा कसा मारू? आन् चार महिने घरी बसून खाऊ काय?”

दोन्ही प्रश्न खरे. म्हणून आज ऑपरेशन ठरलं नाही. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, कामाच्या वेळी घालायचा चामड्याचा पट्टा दिला. इंजेक्शनने काही महिने गेले तर गेले. पुढची पायरी म्हणून वेदना नेणारे मज्जातंतू कापण्याचं छोटं ऑपरेशन सुचवलं. त्याने झीज थांबत नाही, पण प्लास्टर नाही, दोन-तीन आठवड्यांत कामावर जाता येतं, आणि नंतर मोठं ऑपरेशन करायचं झालं तर दरवाजा उघडा राहतो. गावी काम करणाऱ्या माणसासाठी मला हे बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं वाटतं.

जाताना त्यांच्या मुलाने विचारलं, तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर हे टळलं असतं का? पूर्ण तुटलेल्या, हाडं वळलेल्या मनगटाबद्दल मी बहुधा टळलं असतं म्हणेन, खात्रीने नाही. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटचं वेगळं. ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात दुर्बिणीने निदान झालेले, पण शिवले न गेलेले असे पेशंट सात वर्षं पाहिले. दुखणं अनेकांचं राहिलं, पण ही झिजेची वाट कुणी धरली नाही. शिवाय म्हातारपणी सांध्यात कॅल्शियमचे स्फटिक साठून हेच चित्र कधी न पडलेल्या माणसातही दिसतं. तात्यांच्या दुसऱ्या मनगटाची फिल्म म्हणूनच काढली होती. ती स्वच्छ होती.

साडेसात

घरी निघताना कॅज्युअल्टीतून फोन. जिन्यावरून पडलेली बाई, वय ४०, अंगठ्याकडच्या सुळक्याचं फ्रॅक्चर. रेसिडेंटने फोटो पाठवला. मोडीची रेघ सुळक्यातून निघून थेट स्कॅफॉइड आणि ल्युनेटच्या खोबणींमधल्या कंगोऱ्याशी सांध्यात शिरत होती. अशी रेघ दिसली की ज्या जोराने हाड मोडलं तोच पुढे लिगामेंटमधून गेलेला असण्याची शक्यता बरीच.

“सर, फट दोनच मिलिमीटर आहे. पण स्कॅफॉइडला कडं दिसतंय.”

सुळक्याला स्क्रू उद्या सकाळी. स्क्रू बसल्यावर टेबलावरच सी-आर्मखाली मनगट ओढून आणि दोन्ही बाजूंना झुकवून बघायचं, आणि दुर्बीण तयार ठेवायची. आज दुसऱ्या हाताची फिल्म, मूठ आवळून. १.२च्या तारा आणि दोन अँकर स्टोअरमधून सकाळच्या ट्रेमध्ये मागवायला सिस्टरना सांगितलं. अँकर एकच शिल्लक होता, दुसऱ्यासाठी तिने डेपोला फोन लावला.